फायनान्स इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत "एखादा प्रसंग सांगा" म्हटलं की काय सांगायचं? गोष्टी कशा तयार करायच्या ते अगदी सुरुवातीपासून

इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला येणारी मुलं टेक्निकलची तयारी छान करून येतात. तीन स्टेटमेंट्स एकमेकांना कशी जोडलेली असतात, डेप्रिसिएशन वाढलं तर काय होतं, वर्किंग कॅपिटल म्हणजे काय, सगळं तयार असतं. मग पॅनेलवरचं कोणीतरी विचारतं, "तुमच्या हातून आकड्यांमधली चूक सापडली किंवा झाली असा एखादा प्रसंग सांगा," आणि समोरून उत्तर येतं, "हो, म्हणजे मी तशी खूप डिटेल ओरिएंटेड आहे, कॉलेजमध्ये प्रोजेक्ट्स असायचे, आम्ही सगळं नीट चेक करायचो." इथे मार्क जातात. प्रसंग विचारला होता आणि मिळालं स्वभावाचं वर्णन. मी इंटर्न निवडायच्या पॅनेलवर बसते आणि हे इतक्या वेळा बघितलंय की आता सविस्तर लिहूनच टाकते.

हा लेख मुख्यतः बीकॉम, बीएएफ, बीएमएस, एमबीएचं पहिलं वर्ष किंवा सीए करणाऱ्यांसाठी आहे, ज्यांच्या सीव्हीवर अजून मोठा अनुभव नाही. अनुभव नसला तरी चालतो, इंटर्नकडून तो कोणी मागतही नाही, पण जे काही केलंय ते तपशिलात सांगता यायला हवं.

आधी समजून घ्या, हे प्रश्न कशासाठी असतात

बिहेवियरल प्रश्न वरवर पन्नास प्रकारचे दिसतात पण फायनान्सच्या इंटर्नसाठी फिरून फिरून पाच-सहा गोष्टीच तपासल्या जातात. आकडे काळजीपूर्वक हाताळतो का. चूक झाली तर लपवतो की सांगतो. वेळ कमी असताना काय आधी करायचं हे ठरवता येतं का. वरिष्ठांशी किंवा ग्रुपमधल्या कोणाशी पटलं नाही तर कसा वागतो. माहीत नसलेली गोष्ट पटकन शिकतो का. आणि कोणी सांगितलं नसताना स्वतःहून काही हातात घेतलंय का.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना फायनान्समध्ये जरा जास्तच वजन असतं आणि त्याचं कारण सरळ आहे. इंटर्नने बनवलेली शीट पुढे मॅनेजरच्या फाइलमध्ये जाते, तिथून क्लायंटला किंवा बोर्डाला जाते, आणि पहिल्या शीटमधला चुकीचा सेल कोणी परत उघडून बघत नाही. म्हणून पॅनेलला माणूस हुशार आहे का यापेक्षा चुकल्यावर रात्री फोन करून सांगेल का हे जास्त जाणून घ्यायचं असतं. तुमच्या गोष्टींमधून हे दिसलं पाहिजे.

जेडी, म्हणजे जाहिरातीतलं कामाचं वर्णन, नीट वाचा, त्यात याचे इशारे असतात. ऑपरेशन्स किंवा फायनान्शियल कंट्रोलची इंटर्नशिप असेल तर अचूकपणा आणि डेडलाइन, इक्विटी रिसर्च असेल तर शिकण्याची भूक आणि स्वतःचं मत मांडणं, क्रेडिट असेल तर शंका घेऊन खोलात जाणं. सगळ्या गोष्टी सगळीकडे चालतात, पण कुठली आधी काढायची हे जेडीवरून ठरतं.

पायरी पहिली: कच्चा माल गोळा करा, आणि तो डोक्यातून नको

"माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही" हे वाक्य मला प्रत्येक सीझनला ऐकायला मिळतं आणि ते जवळपास कधीच खरं नसतं. होतं असं की आपण डोकं खाजवत बसतो आणि आठवतात फक्त मोठ्या गोष्टी, स्पर्धा जिंकली, सेक्रेटरी झालो वगैरे. बाकीचं कुठे कुठे साठलेलं असतं तिथे जाऊन बघावं लागतं.

एक संध्याकाळ काढा. फोनमधले कॉलेजचे, फेस्टचे, मंडळाचे व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा आणि जिथे जिथे तुम्ही लांबलचक मेसेज टाकलाय किंवा कोणाशी वाद झालाय तिथे थांबा. लॅपटॉपमध्ये एक्सेल फाइल्स तारखेप्रमाणे लावून जुन्या उघडून बघा. ईमेलमध्ये "सॉरी" आणि "करेक्टेड" असे शब्द शोधा, चुकीच्या गोष्टी तिथे हमखास सापडतात. घरचा धंदा असेल, दुकानाची वही, सोसायटीचा मेंटेनन्स, वडिलांचं जीएसटीचं काम, ट्यूशन घेऊन मिळवलेले पैसे, आजोबांच्या जुन्या एफडीची कागदपत्रं लावली असतील, हे सगळं चालतं. पॅनेलला प्रसंग कुठे घडला याने फारसा फरक पडत नाही, त्यात तुम्ही काय ठरवलंत याने पडतो.

प्रत्येक प्रसंग एका ओळीत लिहा, जास्त नाही. बारा-पंधरा ओळी झाल्या की थांबा.

पायरी दुसरी: त्यातल्या पाच-सहा निवडा

निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगते. त्या प्रसंगात एक क्षण असा होता का की तुम्ही दोन वाटांपैकी एक निवडलीत? नसेल तर ती नुसती घटना आहे, त्यात तुम्ही कुठे दिसत नाही. दुसरं, शेवटी काहीतरी बदललेलं दाखवता येतं का, आकडा असेल तर उत्तम, नाहीतर "पुढच्या वर्षी तीच शीट वापरली" असं काहीतरी ठोस. आणि तिसरं, यावर कोणी पाच उलटे प्रश्न विचारले तर उत्तरं आहेत का. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जी गोष्ट ऐकायला भारी आहे पण जिच्यात खरं काम दुसऱ्याने केलं ती पहिल्या उलट प्रश्नाला उघडी पडते.

पाच-सहा गोष्टी पुरतात कारण एक चांगली गोष्ट दोन-तीन प्रश्नांना वापरता येते, ते खाली करून दाखवते. निवडलेल्या सगळ्या एकाच फेस्टमधल्या नकोत एवढं मात्र बघा. आणि एकतरी अपयशाची पाहिजेच.

पायरी तिसरी: सांगाडा

स्टार पद्धत बहुतेकांनी ऐकलेली असते. सिच्युएशन, टास्क, अॅक्शन, रिझल्ट, म्हणजे परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत आणि शेवट काय झाला. पद्धत चांगलीच आहे पण लोक तिची मापं चुकवतात. निम्मा वेळ परिस्थिती सांगण्यात जातो, आमचं कॉलेज, आमचा फेस्ट, किती कॉलेजेस येतात, आणि अॅक्शनला आलं की "मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते सॉर्ट केलं" अशी एका वाक्यात बोळवण.

माप असं धरा: पूर्ण उत्तर दीड ते दोन मिनिटं. परिस्थिती दोन-तीन वाक्यं, जबाबदारी एक वाक्य, मग निम्म्याहून जास्त वेळ फक्त अॅक्शन, आणि रिझल्टला दोन-तीन वाक्यं. अॅक्शनमध्ये किमान एकदा "मी असं का केलं" हे आलं पाहिजे, कारण पॅनेल तुमचा विचार ऐकायला बसलंय, कामांची यादी ऐकायला नाही.

एक गोष्ट पूर्ण करून बघू

उदाहरण म्हणून बीएएफच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी धरू, ऑपरेशन्सच्या इंटर्नशिपला बसलीये. तिच्या यादीत एक ओळ आहे: "गणपती मंडळाचा हिशोब केला." प्रश्न आहे अचूकपणाचा. तिचं पहिलं उत्तर साधारण असं येतं:

"आमच्या एरियात खूप जुनं मंडळ आहे, तिथे मी दोन वर्षं अकाउंट्स बघते. गणपतीत खूप वर्गणी येते, कॅश पण असते, यूपीआय पण असतं, तर हिशोबात फरक येत होता. मग आम्ही सगळं परत चेक केलं आणि फरक शोधून काढला. त्यातून मी शिकले की अचूकपणा किती महत्त्वाचा असतो."

खोटं काहीच नाही यात, पण ऐकणाऱ्याला काहीही कळलं नाही. किती फरक होता? परत चेक केलं म्हणजे नेमकं काय? फरक निघाला कुठून? आता तिला बसवून एकेक विचारायचं. मी हे करते तेव्हा फक्त "म्हणजे काय केलंस?" आणि "तेच का?" एवढंच विचारत राहते, बाकी सगळं समोरून बाहेर येतं. तिच्याकडून निघालेलं असं:

पावती पुस्तकांप्रमाणे वर्गणी १,८४,५०० रुपये. हातातली रोख आणि बँकेत आलेलं मिळून १,७८,०००. फरक साडेसहा हजार. रविवारी सभा, तिच्याकडे चार दिवस. खजिनदार काका म्हणाले की दरवर्षी थोडाफार फरक येतोच, किरकोळ खर्चात टाक आणि मिळव. तिने काकांना सांगितलं की शुक्रवार रात्रीपर्यंत मला द्या, नाही सापडलं तर फरक म्हणूनच दाखवू, खर्च म्हणून नको.

मग तिने आधी पावत्या दोन भागात विभागल्या, रोखीच्या आणि यूपीआयच्या. रोखीच्या पावत्या ७१,२०० आणि पेटीतली रोखही ७१,२००, म्हणजे सगळा फरक यूपीआयच्या बाजूला, पावत्या १,१३,३०० च्या आणि बँकेत जमा १,०६,८००. अर्धं काम इथेच संपलं आणि याला तिला दहा मिनिटं लागली.

पुढे अडलं. स्टेटमेंट डाउनलोड करून रकमेवर VLOOKUP लावलं तर सगळंच सापडतंय असं दिसायला लागलं, कारण ५०१ रुपयांच्या ढीगभर पावत्या आणि VLOOKUP प्रत्येक वेळी पहिलीच ५०१ ची ओळ पकडून आणत होतं. तेव्हा तिने तारीख आणि रक्कम दोन्ही धरून COUNTIFS लावलं, म्हणजे अमुक तारखेला ५०१ च्या पावत्या किती आणि बँकेत ५०१ च्या जमा किती, असं दोन्हीकडे मोजलं. काही पावत्या दुसऱ्या दिवशी फाडलेल्या होत्या म्हणून एक दिवस मागेपुढे धरला. शेवटी चार पावत्या उरल्या. तीन दुकानदारांच्या प्रत्येकी १,५०० च्या, "पावती ठेवून जा, नंतर पाठवतो" म्हणालेले. आणि एक २,००० ची, जी मंडळाच्या क्यूआरऐवजी एका कार्यकर्त्याच्या स्वतःच्या नंबरवर गेली होती. साडेचार हजार आणि दोन हजार, साडेसहा.

त्या कार्यकर्त्याला तिने ग्रुपवर न विचारता वेगळा फोन केला, कारण ग्रुपवर विचारलं असतं तर चोरीचा आरोप झाला असता आणि त्याने मुद्दाम केलेलं नव्हतं. त्याने त्याच संध्याकाळी पैसे मंडळाच्या खात्यात टाकले. दोन दुकानदारांनी दिले, एकाचे १,५०० सभेपर्यंत आले नाहीत, ते तिने येणे बाकी म्हणून वेगळे दाखवले. पुढच्या वर्षीपासून पैसे जमा झाल्याचा मेसेज बघितल्याशिवाय पावती फाडायची नाही आणि स्थळप्रतीवर यूटीआर म्हणजे ट्रान्झॅक्शन नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे असा नियम झाला.

बघा, हे सगळं तिच्याकडे आधीपासून होतं. तिला वाटत होतं की हे फार बारीकसारीक आहे, इंटरव्ह्यूत कोण ऐकणार. फायनान्सच्या पॅनेलला नेमकं हेच ऐकायचं असतं, कारण तिने जे केलं ते रिकन्सिलिएशन आहे आणि ऑपरेशन्सच्या इंटर्नला रोज तेच करायचंय.

आता तिचं तयार उत्तर, बोलायला पावणेदोन मिनिटांच्या आसपास:

"आमच्या भागातल्या गणेशोत्सव मंडळाचे हिशोब मी बघते. मागच्या वर्षी पावत्यांची बेरीज आणि प्रत्यक्ष जमा यात साडेसहा हजारांचा फरक आला, एकूण वर्गणी साधारण एक लाख चौऱ्याऐंशी हजार होती. चार दिवसांनी सभा होती आणि हिशोब मला मांडायचा होता. खजिनदारांनी फरक किरकोळ खर्चात दाखवायला सुचवलं. मला ते पटलं नाही कारण तो खर्च झालेलाच नव्हता, म्हणून मी शुक्रवारपर्यंत वेळ मागितला. आधी रोख आणि यूपीआय वेगळं केलं, रोख जुळली, म्हणजे शोधायची जागा निम्मी झाली. मग यूपीआय स्टेटमेंटशी रकमेवर जुळवायला गेले तर ५०१ च्या खूप पावत्या असल्याने चुकीच्या ओळी जुळत होत्या, म्हणून तारीख आणि रक्कम दोन्ही घेऊन संख्या मोजली. चार पावत्या उरल्या. तिघांनी पैसे द्यायचेच राहिले होते, एक रक्कम चुकून कार्यकर्त्याच्या नंबरवर गेली होती. मी चौघांशी वेगवेगळं बोलले. सभेपर्यंत पाच हजार जमा झाले, उरलेले पंधराशे येणे म्हणून दाखवले. पुढच्या वर्षी पावतीवर ट्रान्झॅक्शन नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायला लागलो आणि जुळवणी एका संध्याकाळी झाली."

पंधराशे आलेच नाहीत हे तिने लपवलेलं नाही, यामुळे बाकीची गोष्ट खरी वाटते. ज्या गोष्टींचा शेवट शंभर टक्के गोड असतो त्यांच्यावर पॅनेल जास्त खोदतं.

पायरी चौथी: तीच गोष्ट वेगळ्या प्रश्नाला

आता प्रश्न आला, "वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?" गोष्ट हीच, पण COUNTIFS चं सगळं एका वाक्यात आणायचं आणि काकांशी झालेलं बोलणं उघडून सांगायचं. काका असं का म्हणत होते, तर त्यांना सभेत प्रश्न नको होते आणि ते स्वतः कित्येक वर्षं विनामोबदला हे काम करतात, त्यांची अडचण खरी होती. तिने त्यांना चूक न ठरवता मुदत मागितली आणि नाही सापडलं तर काय करायचं हेही आधीच ठरवलं. या प्रश्नात समोरच्याची बाजू समजून सांगता आली नाही तर उत्तर फसतं. "ते चुकीचे होते आणि मी बरोबर ठरले" असं ऐकू आलं की पॅनेलला वाटतं, उद्या ही आपल्या टीममध्ये पण असंच बोलेल.

प्रश्न आला "एखादी प्रोसेस सुधारली आहे का?" तर शोधाशोध थोडक्यात आणि पावतीवरचे चार आकडे मध्यभागी. ते कार्यकर्त्यांना पटवलं कसं, कोणी कंटाळा केला का, सगळ्यांनी पाळलं का.

म्हणून गोष्ट पाठ करू नका. पाठ केलेली गोष्ट एकाच आकाराची असते, ती वळवता येत नाही. प्रत्येक गोष्टीसाठी एक छोटं कार्ड करा, त्यावर आकडे, तीन-चार टप्पे, एक "का" आणि शेवट, एवढंच. वाक्यं लिहायची नाहीत.

पायरी पाचवी: अपयशाची गोष्ट

हिला वेगळा वेळ द्या कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "मी परफेक्शनिस्ट आहे त्यामुळे उशीर झाला" हे उत्तर नाही. "ग्रुपमधल्या बाकीच्यांनी काम केलं नाही" हेही नाही. चूक तुमची पाहिजे, खरी पाहिजे, तिचा कोणाला तरी त्रास झालेला पाहिजे, आणि त्यानंतर तुमची सवय बदलल्याचा पुरावा पाहिजे.

चूक केवढी असावी? कामाची असावी, चारित्र्याची नाही. कॉपी केली, सही मारली, पैसे वापरले, असलं काही सांगायला जाऊ नका. आकड्याची, वेळेच्या अंदाजाची, न विचारता गृहीत धरल्याची चूक चांगली.

एक नमुना सांगते. कॉलेजच्या केस कॉम्पिटिशनमध्ये एका मुलाने चार कंपन्यांची तुलना करणारा तक्ता बनवला. तीन कंपन्यांचे आकडे कोटीत होते, चौथीचा अॅन्युअल रिपोर्ट लाखात होता. त्याने आकडा जसाच्या तसा उचलला, त्यामुळे ती कंपनी शंभर पट मोठी दिसली आणि टीमने तिच्यावर एक अख्खी स्लाइड केली. सादरीकरणात परीक्षकांनी पकडलं. हे फायनान्समधल्या कोणालाही लगेच समजतं, कारण कोटी-लाखाचा घोळ सगळ्यांनी कधी ना कधी जवळून बघितलेला असतो.

आता इथून पुढे तो काय सांगतो यावर सगळं आहे. "टीमला मीच सांगितलं की तक्ता माझा होता. नंतर बसून बघितलं तर कळलं की मार्जिन सगळ्यांचं ठीक होतं कारण गुणोत्तरात युनिट कटतं, म्हणून मला शंका आली नाही. आता मी प्रत्येक तक्त्यात वर युनिटची ओळ आणि बाजूला रिपोर्टचा पान नंबर लिहितो, आणि विक्रीचे आकडे एकाखाली एक ठेवून नजरेने बघतो की कोणी विचित्र मोठं दिसतंय का. पुढच्या प्रोजेक्टमध्ये याच सवयीने एका कंपनीचे फक्त स्टँडअलोन आकडे घेतले गेले होते ते पकडता आलं." चूक का झाली हे त्याने शोधलं, "मी जास्त काळजी घेतो" एवढ्यावर सोडलं नाही. जास्त काळजी घेणं ही पद्धत नव्हे, युनिटची ओळ ही पद्धत आहे. आणि शेवटी ती पद्धत एकदा उपयोगी पडलेली दाखवली.

पायरी सहावी: उलटे प्रश्न

खरा इंटरव्ह्यू गोष्ट संपल्यावर सुरू होतो. मंडळाच्या गोष्टीवर मी काय विचारेन ते सांगते. शुक्रवारपर्यंत सापडलं नसतं तर? तो कार्यकर्ता म्हणाला असता की मला पैसे आलेच नाहीत, तर? रोख बरोबर जुळली म्हणजे रोखीत गडबड नव्हतीच असं म्हणता येईल का? हा शेवटचा प्रश्न चांगल्या मुलांनाही अडवतो. रोख घेतली आणि पावतीच फाडली नाही तर ते या जुळवणीत कधीच दिसणार नाही, कारण दोन्ही बाजूंना ती रक्कम नसते. हे जिला सांगता येतं तिला आपल्या कामाची मर्यादा कळली आहे, आणि पॅनेलवर बसून मला अशा उत्तराचा फार आनंद होतो.

प्रत्येक गोष्टीला स्वतःच असे पाच प्रश्न लिहून ठेवा: दुसरा मार्ग कुठला होता, तो का नाही घेतला, बाकीच्यांनी काय केलं, आज परत करायचं झालं तर काय बदलाल, आणि तुमच्या उत्तरात काय निसटू शकतं. मित्राला गोष्ट ऐकवा आणि त्याला प्रत्येक वाक्यावर "का" विचारायला सांगा. जिथे तुम्ही अडखळाल तिथे एकतर आठवण पुसट आहे किंवा ते काम तुमचं नव्हतं. पुसट असेल तर जुना मेसेज, जुनी फाइल काढून बघा. तुमचं नसेल तर सरळ सांगा की तो भाग माझ्या मित्राने केला, माझ्याकडे अमुक होता. आपल्याकडे स्वतःचं कौतुक नको म्हणून सगळं "आम्ही" मध्ये बोलायची सवय असते, आणि दुसऱ्या टोकाला काहीजण सगळ्याचं श्रेय एकट्याने घेतात. दोन्हीमध्ये पॅनेलला तुमचा वाटा कळत नाही. परिस्थिती सांगताना "आम्ही", अॅक्शनला आलात की "मी".

आकडे फुगवू नका. सीव्हीवर दोन लाखांचा निधी लिहिलाय आणि गोष्टीत एक चौऱ्याऐंशी येतंय, हे लगेच लक्षात येतं, कारण समोर बसलेल्यांचा धंदाच दोन कागदांवरचे आकडे जुळवायचा आहे.

आर्टिकलशिप करणाऱ्यांनी किंवा आधी कुठे इंटर्नशिप केलेल्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळा, क्लायंटचं नाव घ्यायचं नाही. "पुण्याजवळची एक मध्यम आकाराची ऑटो पार्ट्सची कंपनी" एवढं पुरतं, आणि त्यावरून ओळखता येणार असेल तर तेवढंही नको. कधी कधी पॅनेल मुद्दाम विचारतं, "कुठली कंपनी?" तेव्हा नम्रपणे "ते मला सांगता येणार नाही" म्हणायचं. नाव सांगून टाकलंत तर आमच्याकडची माहितीही उद्या दुसऱ्या इंटरव्ह्यूत सांगाल, असा अर्थ निघतो.

पायरी सातवी: तोंडाने सराव

लिहिलेलं छान वाटतं आणि बोलताना तीन मिनिटं लागतात, म्हणून फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा फक्त एवढंच बघा की "मी" केलेली पहिली गोष्ट किती सेकंदांनी आली. अर्ध्या मिनिटाच्या पुढे गेली असेल तर परिस्थिती कापा.

इंटरव्ह्यू बहुतेक इंग्रजीत असतो आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे घाबरतात. मी सांगते ते असं: गोष्ट आधी मराठीतच पूर्ण सांगा, घरी कोणालातरी, कारण तपशील आपल्या भाषेतच नीट आठवतात. मग तीच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. मोठे शब्द शोधू नका. ज्या शब्दांवर जीभ अडते तेवढेच चार-पाच आधी बघून ठेवा, म्हणजे वर्गणी, पावती पुस्तक, येणे बाकी हे कसं सांगणार. मंडळ म्हणजे काय हे मुंबई-पुण्याबाहेरच्या माणसाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, वस्तीतल्या लोकांनी वर्गणीवर चालवलेली उत्सवाची कमिटी, बस, तिथेच थांबायचं नाही, पुढे जायचं.

रेकॉर्डेड व्हिडिओ राउंड असेल तर समोर माणूस नसतो, प्रश्न स्क्रीनवर येतो, विचार करायला थोडा वेळ मिळतो आणि मग घड्याळ चालू. उत्तर किती वेळाचं ते सूचनांमध्ये दिलेलं असतं, ते आधी वाचा. इथे मान डोलावणारं कोणी नसल्यामुळे लोक भरभर बोलतात किंवा संपलेलं उत्तर ओढत राहतात. भिंतीकडे बघून सराव केलेला इथे कामी येतो. आणि कार्ड बाजूला ठेवून वाचायला जाऊ नका, डोळे खाली गेलेले स्पष्ट दिसतात.

प्रत्यक्ष खोलीत

प्रश्न ऐकल्यावर दोन-चार सेकंद थांबलात तर कोणालाही वावगं वाटत नाही. "थोडा विचार करू का?" असं म्हटलंत तरी चालतं. विचारलेल्या प्रश्नाला तयार गोष्ट बसत नसेल तर ती जबरदस्तीने कोंबू नका, सगळ्यात जवळची घ्या आणि आधीच सांगा, "अगदी असाच प्रसंग नाही, पण याच्या जवळचा एक सांगते." मध्येच तोडून पुढचं विचारलं तर घाबरू नका, बऱ्याचदा त्यांना हवं ते मिळालेलं असतं. विचारलेल्याचं उत्तर द्या, राहिलेली गोष्ट परत सुरू करायला जाऊ नका. आणि एकच गोष्ट दोनदा वापरायची वेळ आली तर तसं सांगूनच वापरा, तिसऱ्यांदा मात्र नको, त्यासाठीच पाच-सहा तयार केल्यात.

बाहेर पडल्यावर लगेच, रिक्षात बसल्या बसल्या, कुठले प्रश्न आले आणि कुठल्या गोष्टीवर काय उलटं विचारलं ते फोनमध्ये टिपून ठेवा. संध्याकाळपर्यंत त्यातलं निम्मं विसरायला होतं, आणि पुढच्या कंपनीच्या आधी कार्डावर नेमका तोच भाग दुरुस्त करायचा असतो.